रॅपियर लूमच्या सुट्या भागांवर ड्युटी कशी काढायची, आणि सगळं एकाच कोडखाली लिहिलं की वाद का होतो

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचे कारखाने आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता साध्या पॉवरलूमच्या जोडीला बाहेरून आणलेल्या रॅपियर लूम, म्हणजे धोट्याशिवाय विणणारे माग, चालतात. यंत्र एकदाच येतं, त्याचे सुटे भाग मात्र वर्षानुवर्षं येत राहतात. मी या भागातल्या काही कारखान्यांची आयातीची कागदपत्रं तयार करतो. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येणारा कागद म्हणजे परदेशी विक्रेत्याचं इन्व्हॉइस. त्यावर एकच ओळ असते, 'रॅपियर लूमचे स्पेअर पार्ट्स', आणि पुढे एकच कोड, ८४४८ ४९. पेटी उघडली तर आत फण्या, गिअर, बेअरिंग, पट्टे, सर्वो मोटार, स्क्रू आणि स्प्रिंग निघतात.

त्या एका ओळीवर विसंबून मालकांनी ड्युटी भरली आणि तीन-चार वर्षांनी नोटीस हातात पडली, असं मी जवळून पाहिलंय. म्हणून या लेखात लूमचे सुटे भाग एवढाच विषय घेतो. वर्गीकरण कसं चालतं हे त्यात सगळं दिसतं.

कोड म्हणजे नक्की काय

जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गीकरणाची एक पद्धत आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात आणि ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. आपण बोलताना 'एचएस कोड' म्हणतो तो तिथूनच आला. पहिले दोन आकडे प्रकरण सांगतात, चार आकडे मथळा, सहा आकडे उपमथळा. सहा आकड्यांपर्यंत ही पद्धत मानणारे सगळे देश सारखे असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीनं लावतो. आपल्याकडे एकूण आठ आकडे लागतात आणि ते सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत असतात.

इथेच पहिली अडचण येते. विक्रेत्याच्या इन्व्हॉइसवरचा कोड त्याच्या देशातला, त्याच्या निर्यातीच्या सोयीचा असतो. त्यानं एका पेटीला एक कोड लावला, कारण त्याला निर्यातीवर ड्युटी भरायची नसते. आपल्याला आयातीवर भरायची असते. त्याचा कोड माहिती म्हणून बघावा, पण बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीसाठी कस्टम्सला भरून द्यायच्या कागदात, तसाच उतरवू नये. २०११ पासून आपल्याकडे आयातदारानं स्वतः करआकारणी करायची पद्धत आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १७ प्रमाणे कोड कोणता, मूल्य किती, ड्युटी किती हे आपण सांगतो आणि त्याची जबाबदारीही आपलीच असते. कस्टम्स ब्रोकरनं भरलं म्हणून ती त्याच्यावर जात नाही.

पहिली पायरी: पेटी मोकळी करून यादी करा

कोड शोधायला बसण्याआधी ऑर्डर लिहिताना जॉबरला, म्हणजे लूमची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला, शेजारी बसवा. प्रत्येक वस्तूबद्दल त्याला चार गोष्टी विचारा: ही वस्तू काय आहे, कशाची बनली आहे, काय काम करते, आणि ती फक्त या लूमलाच बसते की बाजारातल्या दुसऱ्या यंत्रांनाही. विक्रेत्याकडून इन्व्हॉइसवर वस्तूवार नाव, भाग क्रमांक आणि वेगवेगळी किंमत मागून घ्या. एकरकमी किंमत असेल तर पुढची कुठलीच पायरी नीट होत नाही.

'कशाची बनली आहे' हा प्रश्न लोक सोडून देतात. लूमचा दातेरी पट्टा व्हल्कनाइज्ड रबराचा असेल तर तो ४०१० मध्ये जातो, आणि तसाच दिसणारा पॉलियुरेथेनचा असेल तर प्लास्टिकच्या प्रकरण ३९ मध्ये, म्हणजे ३९२६ मध्ये. रबरी पट्ट्यात पुन्हा बाहेरच्या परिघाप्रमाणे उपमथळे वेगळे आहेत: ६० ते १५० सेंटिमीटरच्या दातेरी अखंड पट्ट्याला एक, १५० ते १९८ ला दुसरा. जॉबरला पट्ट्याचं माप तोंडपाठ असतं, पण कागद भरणाऱ्यानं त्याला विचारलेलंच नसतं.

दुसरी पायरी: मथळा आणि टिपा वाचा

वर्गीकरणाचे सहा सर्वसाधारण नियम अनुसूचीच्या सुरुवातीलाच दिले आहेत. पहिला नियम सांगतो की वर्गीकरण मथळ्याच्या शब्दांवरून आणि विभागाच्या व प्रकरणाच्या टिपांवरून ठरवायचं. विभागांची आणि प्रकरणांची शीर्षकं फक्त शोधायच्या सोयीसाठी असतात. बहुतेक माल पहिल्याच नियमात निकाली निघतो. पुढचे नियम तिथे अडलं तरच घ्यायचे.

लूम ८४४६ मध्ये येते. तिला लागणारी सहायक यंत्रं आणि तिचे भाग ८४४८ मध्ये. दोन्ही विभाग सोळामध्ये आहेत, आणि या विभागाच्या सुरुवातीच्या पहिल्या दोन टिपा म्हणजे सुट्या भागांच्या वर्गीकरणाची गुरुकिल्ली. त्या ज्या क्रमानं लिहिल्यात त्याच क्रमानं लावायच्या. क्रम उलटा केला की उत्तर चुकतं.

पहिली टीप या विभागात काय येत नाही ते सांगते. रबराचे आणि प्लास्टिकचे पट्टे येत नाहीत. कापडी धाग्यांचे पट्टे येत नाहीत, ते ५९१० मध्ये जातात. आणि 'सर्वसाधारण उपयोगाचे भाग' येत नाहीत. हे शब्द साधे वाटतात, पण त्यांची व्याख्या कायद्यानं ठरवलेली आहे आणि ती विभाग पंधराच्या दुसऱ्या टिपेत आहे. लोखंड-पोलादाचे स्क्रू, बोल्ट, नट, वॉशर हे ७३१८ चे, साखळ्या ७३१५ च्या, स्प्रिंगा ७३२० च्या. हे सगळं लूमच्या पेटीतून आलं तरी लूमचा भाग मानलं जात नाही.

इथे मालक मला नेहमी म्हणतात, "अहो, हा स्क्रू कंपनीनं खास याच लूमसाठी बनवलाय, आटेसुद्धा वेगळे आहेत, बाजारात मिळतच नाही." खरं असेल. पण व्याख्या 'सगळीकडे वापरता येणारा स्क्रू' असं म्हणत नाही, ती ७३१८ मधल्या वस्तू असं म्हणते. खास आट्यांचा स्क्रू हाही स्क्रूच असतो. खास बनावटीला त्या टिपेत जागा दिलीय ती फक्त शरीरात बसवायच्या वैद्यकीय वस्तूंना.

पहिल्या टिपेतून जे उरलं त्याला दुसरी टीप लावायची. तिचे तीन उपभाग आहेत. पहिला म्हणतो, जो भाग स्वतःच प्रकरण ८४ किंवा ८५ च्या एखाद्या मथळ्यातली वस्तू आहे, तो सर्व बाबतीत त्याच मथळ्यात जाईल. याला काही मथळे अपवाद आहेत, जे मुळात भागांसाठीच आहेत, आणि ८४४८ त्यातलाच एक. म्हणजे बेअरिंग ८४८२ मध्ये, गिअर आणि शाफ्ट ८४८३ मध्ये, विजेची मोटार ८५०१ मध्ये. ती लूमशिवाय कुठे चालणारच नाही, तरीही तिथेच. दुसरा उपभाग त्यानंतर येतो: जे उरलं आणि केवळ किंवा मुख्यत्वे एकाच प्रकारच्या यंत्रासाठी योग्य आहे, ते त्या यंत्राबरोबर किंवा त्या यंत्राच्या भागांच्या मथळ्यात. तिसरा उपभाग राहिलेल्या उरलेल्यांसाठी.

नोटिसा कुठून येतात ते यात दिसतं. 'फक्त लूमलाच बसतो' हे वाक्य दुसऱ्या उपभागाचं आहे, आणि आपण ते सगळ्यात आधी लावतो. तिथपर्यंत पोचायच्या आधी वस्तू दोन दारांतून गेलेली असायला हवी.

तिसरी पायरी: एक पेटी सोडवून बघू

एका टॉवेल कारखान्याच्या पेटीसारखी पेटी घेऊ. न्हावा शेवा बंदरात उतरलेली, मूल्य दहा लाख रुपये. फण्या आणि हिल्ड वायर २,४०,००० च्या, सुटी दातेरी चाकं १,६०,००० ची, बॉल बेअरिंग १,००,००० च्या, रबरी दातेरी पट्टे ८०,००० चे, सर्वो मोटारी ३,००,००० च्या, आणि स्क्रू-बोल्ट-स्प्रिंगा १,२०,००० च्या.

फणी आणि हिल्ड वायर पहिल्या टिपेत बाद होत नाहीत. ८४-८५ मध्ये त्यांचा स्वतंत्र मथळाही नाही. म्हणून त्या ८४४८ मध्ये येतात. आत उपमथळा शोधताना सहावा नियम लागतो: एकाच पातळीवरच्या उपमथळ्यांची आपसात तुलना करायची. ८४४८ ४२ मध्ये फण्या, हिल्ड आणि हिल्ड फ्रेम नावानिशी लिहिल्या आहेत. ८४४८ ४९ हा 'इतर' आहे. नाव घेऊन सांगितलेलं असताना 'इतर'मध्ये टाकायचं नाही. विक्रेत्याचा कोड इथेही चुकलाच होता, जरी मथळा बरोबर होता.

दातेरी चाकाचा मथळा ८४८३. पण आत दोन जागा आहेत. गिअर आणि गिअर बॉक्स ८४८३ ४० मध्ये, तर सुटी आणलेली दातेरी चाकं आणि साखळीची चाकं ८४८३ ९० मध्ये. आपली चाकं सुटी आहेत, म्हणून ९०. जॉबर दोन्हींना 'गिअर'च म्हणतो, त्यामुळे यादी करताना जोडलेलं की सुटं हे लिहून घ्या.

बेअरिंग ८४८२ १०, पट्टे परिघाप्रमाणे ४०१० मध्ये. मोटारीसाठी प्लेटवरचे आकडे लागतात: एसी की डीसी, एक फेज की अनेक, आणि वॅट किती. अनेक फेजची एसी मोटार ७५० वॅटपेक्षा जास्त पण ७५ किलोवॅटपर्यंत असेल तर ८५०१ ५२, आणि ७५० वॅट किंवा त्याहून कमी असेल तर ८५०१ ५१. प्लेटचा फोटो विक्रेत्याकडून माल निघायच्या आधीच मागवून ठेवा. स्क्रू आणि बोल्ट ७३१८, स्प्रिंगा ७३२०.

एका ओळीचे सात मथळे झाले. बिल ऑफ एंट्री लांबतं, ब्रोकर कुरकुरतो, पण मालाचं खरं चित्र तेच आहे.

चौथी पायरी: कोडवरून ड्युटी

कोड ठरला की अनुसूचीत त्यासमोर मूळ सीमाशुल्काचा दर असतो. तोच शेवटचा मानू नका. प्रत्यक्षातला दर पुष्कळदा सवलतीच्या अधिसूचनेत असतो. बरीच वर्षं ही मुख्य अधिसूचना ३० जून २०१७ ची ५०/२०१७ होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून तिची जागा ४५/२०२५ नं घेतली. अधिसूचनेत कोडबरोबर वस्तूचं वर्णन आणि कधी अटही असते. सवलत हवी तर तिन्ही जुळले पाहिजेत.

लूमवाल्यांच्या कामाचं एक उदाहरण देतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात मिनिटाला ६५० मीटरपेक्षा कमी वेगाच्या रॅपियर लूम आणि १००० मीटरपेक्षा कमी वेगाच्या एअर जेट लूम यांवरचं मूळ सीमाशुल्क साडेसात टक्क्यांवरून शून्य झालं. आमच्याकडच्या काही मालकांनी त्यावरून समजूत करून घेतली की लूमचं सगळंच माफ. सवलत ज्या वस्तूचं नाव घेते त्या वस्तूला मिळते. यंत्र माफ झालं म्हणून त्याचे सुटे भाग आपोआप माफ होत नाहीत. त्या नोंदीत भागांचा उल्लेख आहे का ते शब्द न् शब्द वाचावं लागतं. याची दुसरी बाजू अशी की पूर्ण लूमच खोलून चार पेट्यांत आली, तर दुसऱ्या नियमाप्रमाणे ती पूर्ण लूमच मानली जाते, सुटे भाग नव्हे.

आता हिशोब. मूळ सीमाशुल्क मूल्यावर लागतं. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, जो २०१८ पासून आहे. मग मूल्य, मूळ शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर आयजीएसटी. काही वस्तूंना अधिभाराची सूट किंवा वेगळा उपकर असतो, तो त्या त्या कोडसमोर बघायचा.

```
मूळ शुल्क = मूल्य × दर
अधिभार    = मूळ शुल्क × १०%
आयजीएसटी  = (मूल्य + मूळ शुल्क + अधिभार) × दर
```

आपल्या पेटीतला फक्त १,२०,००० चा स्क्रू-स्प्रिंगांचा गठ्ठा घेऊ. हिशोब समजावा म्हणून लूमच्या भागांचा दर ७.५ टक्के, या गठ्ठ्याचा १५ टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरतो. तुमच्या मालाला तुमच्या बिल ऑफ एंट्रीच्या तारखेचा दर कस्टम्सच्या `ICEGATE` या संकेतस्थळावर बघून घ्या.

लूमचा भाग म्हणून भरलं तर मूळ शुल्क ९,०००, अधिभार ९००, आयजीएसटी २३,३८२. एकूण ३३,२८२. स्क्रू म्हणून भरलं तर १८,०००, १,८०० आणि २५,१६४. एकूण ४४,९६४. फरक ११,६८२ रुपये. त्यातले १,७८२ आयजीएसटीचे आहेत, ते बहुतेक कारखान्यांना क्रेडिटमधून परत मिळतात. खरी वाढ ९,९०० ची.

दहा लाखांच्या पेटीत दहा हजारांचा फरक, म्हणून मालक दुर्लक्ष करतात. पण हीच पेटी वर्षातून पाच-सहा वेळा येते, आणि चूक सापडते तेव्हा मागच्या सगळ्या पेट्या उघडल्या जातात. बेअरिंगच्या कोडचा दर आज लूमच्या भागाइतकाच असला तर 'मग कोड कुठलाही लिहा' असाही युक्तिवाद ऐकलाय. दर पुढच्या अर्थसंकल्पात बदलतो, तुमची सवय मात्र तीच राहते.

चूक कशी उघडी पडते

माल सुटताना सहसा अडत नाही, कारण बरीच बिलं संगणकाच्या जोखीम तपासणीतून थेट पुढे जातात. म्हणून 'इतकी वर्षं असंच भरतोय, कुणी विचारलं नाही' याला काही अर्थ नाही. ऑक्टोबर २०२० अखेरपासून देशभर चेहराविरहित तपासणी आहे. तुमचं बिल न्हावा शेवाचं असलं तरी बघणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. वस्तू हातात घेऊन त्याला समजावता येत नाही. त्याला दिसतो तो कागद, आणि कागदावर 'स्पेअर पार्ट्स' एवढंच असेल तर शंका येणारच. कॅटलॉगचं पान, फोटो, मोटारीच्या प्लेटचे आकडे हे सगळं बिलाबरोबर अपलोड केलं तर अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

खरी धरपकड नंतरच्या लेखापरीक्षणात होते. तिथे अधिकारी जुनी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट एकत्र मागतो. मी पाहिलेल्या एका प्रकरणात इन्व्हॉइसवर 'स्पेअर' होतं आणि पॅकिंग लिस्टवर 'मोटार, १२ नग' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन्ही कागद आयातदाराच्याच फायलीत होते. त्यानं फसवायचं ठरवलं नव्हतं, पण ते पटवून देणं त्याला फार जड गेलं.

कमी भरलेली ड्युटी मागायला कलम २८ प्रमाणे साधारण दोन वर्षांची मुदत आहे. संगनमत, जाणूनबुजून चुकीचं सांगणं किंवा माहिती दडवणं सिद्ध झालं तर पाच वर्षांची. वर्गीकरणाच्या जवळजवळ प्रत्येक भांडणात खरी लढाई इथेच होते: ही मतभिन्नता होती की लपवाछपवी. आपलीच ११,६८२ ची रक्कम चार वर्षं मागची धरा. व्याज दरसाल १५ टक्क्यांनी सुमारे ७,००९ होतं. लपवाछपवी ठरली तर कलम ११४अ प्रमाणे ड्युटी आणि व्याज मिळून होईल तेवढाच दंड, म्हणजे आणखी १८,६९१. एका गठ्ठ्याच्या बारा हजारांचे सदतीस हजार झाले. त्याशिवाय माल जप्तीला पात्र ठरवून तो सोडवण्याचा वेगळा दंडही लावता येतो.

या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणातला निकाल आयातदाराच्या कामी येतो. वस्तूचं वर्णन खरं दिलं आणि प्रामाणिक समजुतीनं एखादा वर्ग किंवा सवलत मागितली, तर ती चुकीची घोषणा होत नाही, असं त्यात म्हटलंय. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की कोड चुकला तर निभावता येतं, वर्णन चुकलं तर नाही. 'सर्वो मोटार, लूमसाठी, अमुक वॅट' असं लिहून तुम्ही ८४४८ लावलंत तर तो वाद होईल. 'लूम पार्ट' लिहून ८४४८ लावलंत तर त्याला लपवणं म्हणता येईल. ड्युटीचा फरक दोन्हीकडे तेवढाच, पण एकात मागणी दोन वर्षांत संपू शकते, दुसऱ्यात पाच वर्षांपर्यंत आणि दंडासह जाऊ शकते.

आणि वर्ग बदलायचा तर तो बदल सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर असते, हेही न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. नोटीस आली म्हणून लगेच मान्य करून टाकू नका. तसंच उगाच भांडतही बसू नका: स्क्रूच्या बाबतीत भांडण्यासारखं काही नाही. लपवाछपवीचा आरोप असलेल्या नोटिशीत ड्युटी, व्याज आणि १५ टक्के दंड तीस दिवसांत भरला तर प्रकरण तिथेच संपवता येतं.

जिथे जाणकारांचंही एकमत होत नाही

लूमचं कंट्रोल कार्ड घ्या. रिले, कनेक्टर आणि चिप बसवलेली ही पाटी लूमच्या मेंदूसारखी काम करते. ८५३७ मध्ये विजेच्या नियंत्रणासाठीचे बोर्ड आणि पॅनेल येतात, ज्यांवर ८५३५ किंवा ८५३६ मधली दोन किंवा अधिक उपकरणं आहेत. प्रोग्रॅमेबल कंट्रोलरही तिथेच. कार्ड त्या वर्णनात बसलं तर दुसऱ्या टिपेच्या पहिल्या उपभागानं ते ८५३७ मध्ये जाईल. नाही बसलं आणि फक्त याच लूमचं असेल तर ८४४८ ४९ मागता येतं. उत्तर कार्डावर काय काय आहे आणि ते नेमकं काय करतं यावर अवलंबून असतं, त्यामुळे 'आमच्या शेजारच्या कारखान्यानं अमुक भरलं' याचा उपयोग नाही.

असाच 'भाग की स्वतंत्र वस्तू' हा वाद सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मर प्रकरणात गाजला. रेल्वेच्या सिग्नलसाठी खास बनवलेले रिले विजेच्या उपकरणांत, ८५३६ मध्ये घालायचे की रेल्वे सिग्नलच्या ८६०८ मध्ये, हा प्रश्न होता. न्यायालयानं 'केवळ किंवा मुख्य उपयोग' धरून ८६०८ मान्य केलं. तेव्हापासून मोटारगाड्यांच्या भागांपासून सगळीकडे हा निकाल पुढे केला गेला, आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाला जानेवारी २०२२ मध्ये अधिकाऱ्यांना सूचना काढावी लागली की तो यांत्रिकपणे लावू नका. लूमवाल्यांनीही त्याचा टेकू घेताना जपून असावं असं माझं मत आहे. तो निकाल विभाग सतराच्या टिपांवरचा होता. आपल्या विभाग सोळाच्या टिपेत 'सर्व बाबतीत' असे शब्द आहेत, आणि मोटार किंवा बेअरिंगसाठी त्या शब्दांतून पळवाट दिसत नाही.

कार्डासारख्या वस्तू तुम्ही नेहमी आणणार असाल तर माल मागवायच्या आधी आगाऊ निर्णय मागा. सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण मुंबईत आहे. कार्डाचं वर्णन, सर्किट आणि कामाची माहिती देऊन अर्ज करायचा. मिळालेला निर्णय तुम्हाला आणि खात्याला कायद्यानं ठरवलेल्या मुदतीपर्यंत बंधनकारक असतो, मध्ये कायदा बदलला नाही तर. पण तोच प्रश्न तुमच्याच प्रकरणात अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे आधीच पडलेला असेल तर अर्ज घेतला जात नाही. म्हणजे नोटीस आल्यावर ही वाट बंद होते.

माल बंदरात आहे आणि अधिकाऱ्याला दुसराच कोड योग्य वाटतो, अशी वेळ आली तर दोन गोष्टी करता येतात. कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागून, बंधपत्र देऊन माल सोडवता येतो. किंवा त्यानं सांगितलेली ड्युटी भरायची, पण 'मान्य' असं लेखी द्यायचं नाही. मान्यता दिली नाही तर अधिकाऱ्याला पंधरा दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो, आणि त्यावर साठ दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं. घाईघाईत माल सोडवण्यासाठी 'मान्य' लिहून बसलेले मालक मी पाहिलेत. नंतर त्यांच्या हातात अपील करायला कारणांचा आदेशच नव्हता.

जास्त भरलं तरी प्रश्न आहेच

'शंका असेल तर जास्त दराचा कोड लावा, भांडण नको' असा सल्ला काही ब्रोकर देतात. तो मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की स्वतः केलेली आकारणी हीसुद्धा आकारणीच आहे. ती अपिलात किंवा दुरुस्तीनं बदलल्याशिवाय नुसता परताव्याचा अर्ज चालत नाही. म्हणजे जास्त भरलेले पैसे सहज परत मिळत नाहीत. २०२५ च्या वित्त कायद्यानं कलम १८अ घालून माल सुटल्यानंतर स्वतःहून बिल सुधारण्याची सोय केली आहे. जुनी चूक लक्षात आली आणि खात्याकडून अजून काही आलेलं नसेल, तर कमी भरलेलं असो वा जास्त, आधी तिकडे वळावं.

ज्या मालकाच्या पेटीवरून वरचं उदाहरण घेतलं, त्यांनी आता विक्रेत्याला ऑर्डरबरोबरच एक तक्ता पाठवायला सुरुवात केली आहे. त्यात भाग क्रमांक, जॉबरनं सांगितलेलं नाव, धातू-रबर-प्लास्टिक यांपैकी काय, मोटार असल्यास वॅट, आणि शेवटच्या रकान्यात आम्ही ठरवलेला आठ आकडी कोड असतो. विक्रेता त्याच क्रमानं इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बनवतो. कोड का ठरवला याची दोन ओळींची टीप, विभागाच्या टिपेच्या क्रमांकासह, त्याच दिवशी तारीख घालून फायलीत जाते. गेल्या खेपेला कंट्रोल कार्डाच्या रकान्यात आम्ही कोड लिहिला नाही. तिथे 'आगाऊ निर्णय येईपर्यंत मागवू नये' असं लिहिलंय, आणि जॉबर सध्या जुनं कार्ड दुरुस्त करून लूम चालवतो आहे.